साठ चौकोन

एका लहानशा गल्लीत पाच घरे आहेत अशी कल्पना करू: देशपांडे, पवार, कांबळे, शेख आणि फर्नांडिस. दिवाळीत त्यांच्यात फराळाची ताटे जातात आणि येतात. ज्या घरी ताट जाते तिथून ते रिकामे परत येत नाही, त्यामुळे देवाणघेवाण नेहमी दोन्ही बाजूंनी असते. देशपांड्यांचे असे येणेजाणे पवार, शेख आणि कांबळे यांच्याकडे आहे. कांबळ्यांचे पवार, शेख आणि देशपांडे यांच्याकडे. फर्नांडिस फक्त पवार आणि शेख यांना ओळखतात. पवार आणि शेख यांचे मात्र आपापसात येणेजाणे नाही. का नाही, हे गणिताने विचारायचे नसते. कागदावर पाच ठिपके काढून येणेजाणे असलेल्या घरांमध्ये रेषा ओढली की सात रेषा होतात. गणितात अशा आकृतीला आलेख म्हणतात, आणि एका रेषेने जोडलेल्या दोन ठिपक्यांना शेजारी.

आता प्रश्न असा. एक ताट चार वेगवेगळ्या घरांतून फिरून निघाल्या घरी परत यायला हवे, आणि ते रेषांवरूनच जायला हवे. अशा फेऱ्या किती? फेरी कुठल्या घरापासून सुरू केली आणि ती उजवीकडून घेतली की डावीकडून, याने फरक पडत नाही. अशा फेरीला मी या लेखात चौकोन म्हणणार आहे. चार घरांचा गट आणि चौकोन या दोन गोष्टी एक नाहीत, एवढे आधीच सांगून ठेवतो. चारही घरांचे एकमेकांशी येणेजाणे असेल तर त्याच चार घरांतून तीन वेगवेगळ्या फेऱ्या निघतात.

सरळ रस्ता म्हणजे चार-चार घरे निवडत जायचे आणि प्रत्येक चौघांत तीनही फेऱ्या तपासायच्या. पाच घरांसाठी या १५ तपासण्या झाल्या. एका संध्याकाळी हातानेही होतील. सोळा घरांसाठी त्या ५४६० होतात. हजार घरांचे गाव घेतले तर सुमारे १२,४२५ कोटी. म्हणजे गाव थोडे मोठे झाले तरी हा रस्ता बंद.

दुसरा रस्ता सापडतो तो चौकोनाकडे बघणे सोडून दिल्यावर. चौकोनाचे समोरासमोरचे दोन कोपरे घ्या, म्हणजे त्याचा एक कर्ण. उरलेले दोन कोपरे या दोघांचेही शेजारी असतात. उलटही खरे आहे: कुठल्याही दोन घरांना दोन सामाईक शेजारी असतील, तर त्या चौघांतून एक चौकोन आपोआप तयार होतो. तेव्हा चौकोन शोधायची गरजच नाही. प्रत्येक जोडीला किती सामाईक शेजारी आहेत एवढे मोजायचे. ती संख्या स असेल, तर त्या स जणांतून दोघे निवडण्याचे प्रकार स × (स − १) ÷ २. तेवढे चौकोन त्या जोडीला कर्ण मानून बसलेले आहेत. सगळ्या जोड्यांची बेरीज करायची आणि शेवटी निम्मे करायचे, कारण प्रत्येक चौकोनाला दोन कर्ण असतात आणि तो दोन्ही कर्णांवर एकेकदा मोजला जातो.

गल्लीत करून बघू. पवार आणि शेख यांचे सामाईक शेजारी तीन: देशपांडे, कांबळे, फर्नांडिस. तिघांतून दोघे निवडण्याचे प्रकार ३. देशपांडे आणि कांबळे यांचे सामाईक शेजारी दोन, पवार आणि शेख, प्रकार १. देशपांडे आणि फर्नांडिस यांचेही तेच दोन, कांबळे आणि फर्नांडिस यांचेही तेच, प्रत्येकी १. बाकी सहा जोड्यांपैकी चारांना एकच सामाईक शेजारी आहे आणि दोघांना एकही नाही, त्यांतून चौकोन होत नाही. बेरीज ३ + १ + १ + १ म्हणजे ६, आणि निम्मे ३. ताट फिरवून बघा, फेऱ्या तीनच आहेत. गंमत म्हणजे पवार आणि शेख, ज्यांचे आपापसात येणेजाणे नाही, ते तिन्ही फेऱ्यांत आहेत.

हाताने मोजताना चूक झाली आहे की नाही हे ओळखायला दोन सोप्या कसोट्या आहेत, आणि त्या मी प्रत्येक वेळी लावतो. पहिली कसोटी निम्मे करण्याच्या आधीची: बेरीज सम आलीच पाहिजे. विषम आली तर कुठेतरी एक जोडी चुकली आहे. दुसरी जरा खोल आहे. सामाईक शेजाऱ्यांच्या सगळ्या संख्यांची नुसती बेरीज करा. गल्लीत ती ३ + २ + २ + २ + १ + १ + १ + १ म्हणजे १३ येते. आता दुसऱ्या बाजूने या. एखाद्या घराला तीन शेजारी असतील तर ते घर शेजाऱ्यांच्या तीन जोड्यांचे सामाईक शेजारी असते. दोन असतील तर एका जोडीचे. गल्लीत चार घरांना तीन-तीन शेजारी आणि फर्नांडिसांना दोन, म्हणून ४ × ३ + १, पुन्हा १३. या दोन बेरजा जुळल्या नाहीत तर पुढे जाण्यात अर्थ नाही.

दुसऱ्या बाजूने येण्याची ही युक्ती नुसती कसोटी नाही, मोजण्याची खरी रीतही तीच आहे. हजार घरांच्या गावात ४,९९,५०० जोड्या असतात, आणि त्यांतल्या बहुतेकांना सामाईक शेजारी एकही नसतो. प्रत्येक जोडीला जाऊन विचारण्याऐवजी प्रत्येक घरी जावे, त्या घराच्या शेजाऱ्यांच्या जोड्या घ्याव्यात, आणि वहीत त्या जोडीच्या नावापुढे एक रेघ मारावी. रेघ मारण्याआधी तिथे जितक्या रेघा असतील तितके चौकोन त्या क्षणी नव्याने बनतात. ते एकूण आकड्यात मिळवत जायचे. शेवटी निम्मे करायला विसरायचे नाही.

यात अडचण येते ती गावात एखादे फार मोठ्या गोतावळ्याचे घर असेल तेव्हा. ज्याला एक लाख शेजारी आहेत त्याच्या शेजाऱ्यांच्या जोड्या सुमारे ५०० कोटी होतात, आणि त्या सगळ्यांपुढे एकेक रेघ मारत बसावे लागते. त्या शेजाऱ्यांचे आणखी कुणाशीच येणेजाणे नसेल, तर चौकोन एकही नसतो आणि सगळी मेहनत वाया जाते. यावरचा उपाय नोरिशिगे चिबा आणि ताकाओ निशिझेकी या जपानी संशोधकांनी १९८५ साली छापला. घरे शेजाऱ्यांच्या संख्येने उतरत्या क्रमाने लावायची आणि सर्वांत मोठ्या घरापासून सुरुवात करायची. त्या घरातून शेजाऱ्याकडे, शेजाऱ्यातून त्याच्या शेजाऱ्याकडे अशी दोन पावले टाकायची, आणि दुसऱ्या पावलाला ज्या घरी पोहोचलो तिथे एक रेघ मारायची. निघालो त्याच घरी परत येणारे पाऊल सोडून द्यायचे. रेघांवरून त्या मोठ्या घराचे सगळे चौकोन मिळतात. मग ते घर आकृतीतून कायमचे पुसून टाकायचे आणि पुढच्याकडे वळायचे. लाख शेजाऱ्यांच्या त्या घराला आता लाख पावलेच लागतात, कारण शेजाऱ्यांच्या घरून पुढे जायला वाटच नसते. शिवाय निम्मे करण्याची भानगडही संपते: प्रत्येक चौकोन त्यातल्या यादीत सर्वांत वर असलेल्या घरावर, आणि फक्त तिथेच, मोजला जातो.

निम्मे करण्यावरून आठवले. काही आलेखांत दोन जातींचे ठिपके असतात. अमेरिकेतल्या नॅचेझ गावातल्या १८ स्त्रिया आणि त्या हजर राहिल्या ते १४ समारंभ यांचा एक तक्ता समाजशास्त्रात फार गाजलेला आहे. तो १९४१ सालच्या ‘डीप साउथ’ या ग्रंथात आला. तिथे रेषा स्त्री आणि समारंभ यांच्यातच असते, त्यामुळे चौकोनाचा एक कर्ण दोन स्त्रियांचा आणि दुसरा दोन समारंभांचा. स्त्रियांच्या १५३ जोड्यांवरून मोजले काय किंवा समारंभांच्या ९१ जोड्यांवरून मोजले काय, उत्तर एकच यायला हवे, आणि एकाच बाजूने मोजले तर निम्मे करायचे नसते. सवयीने तिथेही निम्मे करणारे लोक मी पाहिले आहेत.

आता ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला तिकडे येतो. बुद्धिबळाचा पट घ्या, पण चार बाय चारचा, सोळा घरांचा. दोन घरांमध्ये हत्ती एका चालीत जाऊ शकत असेल तर ती शेजारी. म्हणजे एका आडव्या किंवा उभ्या ओळीतली सगळी घरे एकमेकांची शेजारी. प्रत्येक घराला सहा शेजारी, तीन आडव्या ओळीत आणि तीन उभ्या. एकूण रेषा ४८.

कुठलीही दोन घरे घ्या. एकाच ओळीत असतील तर त्या ओळीतली उरलेली दोन घरे त्यांची सामाईक शेजारी. वेगवेगळ्या ओळींत आणि वेगवेगळ्या स्तंभांत असतील तर त्यांच्यातून जो आयत होतो त्याचे दुसरे दोन कोपरे सामाईक. दोन्ही वेळा दोनच. पटावर जोड्या १२०, प्रत्येकीचा वाटा १, निम्मे केले की ६० चौकोन. ताळा करून बघता येतो. एका ओळीतल्या चार घरांचे सगळ्यांशी येणेजाणे, म्हणून तीन चौकोन. ओळी आडव्या-उभ्या मिळून आठ, म्हणून २४. आयतांचे चौकोन ६ × ६ म्हणजे ३६. एकूण ६०.

ही ६० संख्या साधी नाही. सोळा ठिपके आणि ४८ रेषा घेऊन तुम्ही कशीही आकृती काढा, ६० पेक्षा कमी चौकोन करता येत नाहीत. कारण मघाच्या दुसऱ्या कसोटीत आहे. रेषा ४८ म्हणजे प्रत्येक ठिपक्याला सरासरी सहा शेजारी, आणि त्यातून सामाईक शेजाऱ्यांची बेरीज किमान १६ × १५ म्हणजे २४० होते. ती १२० जोड्यांत वाटायची आहे, सरासरी दोन. एका जोडीला एक आणि दुसरीला तीन असे वाटप केले तर चौकोनांचा वाटा ० आणि ३ होतो, जो १ आणि १ पेक्षा जास्त आहे. असमान वाटपाने चौकोन वाढतातच. म्हणून प्रत्येक जोडीला नेमके दोन हीच सर्वांत कमी चौकोनांची स्थिती, आणि हत्तीचा पट नेमका त्या स्थितीत आहे.

मग असे करणारी हत्तीच्या पटाशिवाय दुसरी आकृती आहे का? याचे उत्तर शरदचंद्र शंकर श्रीखंडे यांनी १९५९ साली दिले. श्रीखंडे १९१७ साली सागर इथे जन्मले, नागपूरला शिकवत होते, अमेरिकेत चॅपेल हिल इथे राजचंद्र बोस यांच्याकडे त्यांनी संशोधन केले, आणि पुढे बरीच वर्षे मुंबई विद्यापीठात गणिताचे प्राध्यापक होते. २०२० साली वयाच्या १०३व्या वर्षी ते गेले. बोस आणि पार्कर यांच्याबरोबर त्यांनी ऑयलरचे पावणेदोनशे वर्षांचे अनुमान खोटे ठरवले, ही गोष्ट पुष्कळांना माहीत असते. ती बातमी न्यूयॉर्क टाइम्सच्या पहिल्या पानावर आली होती. त्याच वर्षीचा त्यांचा हा दुसरा लेख कमी जणांना ठाऊक आहे. तो सांख्यिकीच्या नियतकालिकात आला, कारण प्रयोगांच्या मांडणीसाठी अशा आकृत्या लागतात. प्रश्न असा होता: हत्तीच्या पटावरचे शेजाऱ्यांचे आणि सामाईक शेजाऱ्यांचे सगळे आकडे सांगितले, तर पट ओळखता येतो का? श्रीखंड्यांनी दाखवले की पट कितीही बाय कितीचा चौरस असो, येतो. अपवाद फक्त चार बाय चारचा. तिथे आणखी एक, आणि एकच, आकृती निघते. तिला जगभर श्रीखंडे आलेख म्हणतात.

ती कागदावर काढणे अवघड नाही. पुन्हा चार बाय चारचा चौकटींचा कागद घ्या. या वेळी प्रत्येक घराचे शेजारी म्हणजे लगतचे डावे, उजवे, वरचे, खालचे, आणि एका तिरक्या दिशेतली दोन: वर-उजवीकडचे आणि खाली-डावीकडचे. दुसऱ्या तिरक्या दिशेतली नाहीत. कडेला पोहोचलात तर समोरच्या कडेने आत या. उजव्या कडेच्या घराचा उजवा शेजारी त्याच ओळीतले डावीकडचे पहिले घर. इथेही प्रत्येकाला सहा शेजारी, रेषा ४८, आणि कुठलीही जोडी घ्या, सामाईक शेजारी दोनच. म्हणून इथेही चौकोन ६०.

तरीही ही हत्तीची आकृती नव्हे. हत्तीच्या पटावर एका ओळीतली चार घरे सगळी एकमेकांची शेजारी आहेत. श्रीखंडे आलेखात असे चौघे कुठेच सापडत नाहीत. एका घराचे सहा शेजारी घेऊन त्यांचे आपापसात बघा. हत्तीच्या पटावर त्यांचे दोन वेगळे त्रिकोण होतात, श्रीखंडे आलेखात एक सलग षटकोनी माळ.

इथेच माझी फजिती झाली होती. पूर्वी एकदा मला फक्त रिकामे चौकोन मोजायचे होते, म्हणजे ज्यांच्या समोरासमोरच्या घरांत येणेजाणे नाही असे. मी विचार केला, कर्णावर रेषा नको ना, मग शेजारी असलेल्या जोड्या गाळून टाकू. हत्तीच्या पटावर शेजारी नसलेल्या जोड्या ७२, प्रत्येकीचा वाटा १, निम्मे ३६. आणि आयत बरोबर ३६ आहेत, त्यांचे कर्ण खरोखरच रिकामे आहेत. मी खूश झालो आणि तीच रीत श्रीखंडे आलेखाला लावली. तिथेही शेजारी नसलेल्या जोड्या ७२, म्हणून ३६. हे लिहूनही टाकले. नंतर कधीतरी रंगीत पेन्सिली घेऊन ते चौकोन एकेक करून रंगवायला बसलो आणि बारानंतर तेरावा सापडेना.

चूक अशी होती. जोडी रिकामी आहे याचा अर्थ तिच्यावर बसलेल्या चौकोनाचा दुसरा कर्णही रिकामा आहे असा होत नाही. हत्तीच्या पटावर एक कर्ण रिकामा असला की दुसराही असतो, त्यामुळे माझी चुकीची रीत तिथे बरोबर उत्तर देऊन गेली. श्रीखंडे आलेखात शेजारी असलेल्या ४८ जोड्या आहेत आणि प्रत्येकीवर एक चौकोन बसलेला आहे. सगळे एकमेकांचे शेजारी असे चौघे तिथे नसल्यामुळे या चौकोनांचा दुसरा कर्ण रिकामाच असणार. म्हणून हे ४८ चौकोन वेगवेगळे आहेत, आणि प्रत्येकाला एक भरलेला व एक रिकामा कर्ण आहे. रिकाम्या ७२ जोड्यांपैकी ४८ यांच्यातच खर्च झाल्या. उरल्या २४, दोन-दोनची एक जोडगोळी, म्हणजे दोन्ही कर्ण रिकामे असलेले चौकोन फक्त १२. चार घरांतल्या रेषांची तपासणी न करता, नुसत्या सामाईक शेजाऱ्यांच्या आकड्यांवरून हे १२ आणि ते ३६ वेगळे करताच येत नाहीत, कारण दोन्हीकडे आकड्यांची यादी अक्षरशः एक आहे. सगळे चौकोन मोजायचे असतील तर ती यादी पुरते. रिकामे चौकोन हवे असतील तर पुरत नाही.

ते बारा चौकोन कुठे आहेत हे रंगवून झाल्यावर दिसले. कागदावर एका घरातून उजवीकडे चार पावले टाकली की कडेवरून वळसा घालून परत त्याच घरी येतो: असे आडवे चार. वर जात राहिले की उभे चार. तिरके, वर-उजवीकडे जात राहिले की आणखी चार. हत्तीच्या पटावर याच आडव्या आणि उभ्या ओळी होत्या, आणि तिथे त्या काठोकाठ भरलेल्या होत्या.